कांद्याची पेशी वहीत उतरवताना: मॅग्निफिकेशन, स्केल बार आणि नावे दिलेली आकृती

पहिल्या वर्षाला असताना मी जर्नलातल्या प्रत्येक आकृतीखाली डोळे मिटून ‘४००×’ लिहीत असे. आयपीस १०×, ऑब्जेक्टिव्ह ४०×, गुणाकार ४००. त्यात चुकण्यासारखं काय आहे, असं वाटायचं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी माझं रक्ताच्या स्मिअरचं पान उघडलं, खिशातली सहा इंची पट्टी काढली आणि मी काढलेल्या तांबड्या पेशीवर ठेवली. “चार सेंटिमीटर. याला चारशेने भागा.” मी भागलं. ४० मिलिमीटर भागिले ४००, म्हणजे ०.१ मिलिमीटर, म्हणजे १०० मायक्रोमीटर. “माणसाची तांबडी पेशी केवढी असते?” साडेसात मायक्रोमीटरच्या आसपास. “मग ही कुणाची?”

उत्तर नव्हतं. सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या प्रतिमेचं मॅग्निफिकेशन वेगळं आणि कागदावरच्या आकृतीचं वेगळं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. सूक्ष्मदर्शक ४०० पटच दाखवत होता, पण मी पेशी कागदावर मनाला येईल तेवढी काढली होती. त्या आकाराशी ४०० चा काही संबंध नव्हता.

आता ज्युनिअर मुलांच्या वह्या बघते तेव्हा दहापैकी आठ वह्यांत हीच चूक असते. म्हणून कांद्याच्या पापुद्र्याचं एकच उदाहरण घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ. हे जमलं की परागकण, पर्णरंध्रं, पॅरामेशियम, सगळ्यांना हीच रीत लागू पडते.

आधी टेबलावर काय हवं

- सूक्ष्मदर्शक: आयपीस १०×, ऑब्जेक्टिव्ह ४×, १०× आणि ४०× (काही ठिकाणी ४५× असतं, ऑब्जेक्टिव्हवर कोरलेला आकडा वाचा)
- ऑक्युलर मायक्रोमीटर: आयपीसच्या आत बसणारी, बारीक रेघा असलेली गोल काच
- स्टेज मायक्रोमीटर: १ मिलिमीटरचे १०० समान भाग कोरलेली स्लाइड
- कांदा, सॅफ्रनिन किंवा आयोडीन, स्लाइड, कव्हर स्लिप, चिमटा, टिपकागद
- टोक केलेली एचबी पेन्सिल, खोडरबर, मिलिमीटरच्या खुणा स्पष्ट असलेली पट्टी

स्टेज मायक्रोमीटर महाग असतो आणि बहुतेक लॅबमध्ये एकच असतो. तो लॅब असिस्टंटकाकांच्या कपाटात कुलपात असतो, त्यामुळे प्रॅक्टिकल सुरू होतानाच मागून घ्या. शेवटच्या दहा मिनिटांत त्याच्यासाठी रांग लागते.

१. स्लाइड: थोडक्यात, पण बुडबुड्यांशिवाय

कांद्याच्या मांसल पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा चिमट्याने सोला. तो पाण्यात ठेवा, मग सॅफ्रनिनचा एक थेंब टाका आणि मिनिटभराने जादा रंग धुवा. कव्हर स्लिप एका कडेने टेकवून हळूहळू खाली सोडा. पापुद्रा दुमडला तर दोन थरांच्या पेशी एकमेकांवर दिसतात आणि पुढचं कुठलंच माप खरं येत नाही. काळ्या जाड कडेचा गोल दिसला तर तो हवेचा बुडबुडा. दरवर्षी कुणीतरी त्यालाच केंद्रक म्हणून नाव देतं.

२. ऑक्युलरच्या एका घराची किंमत काढा

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

ऑक्युलर मायक्रोमीटरवर ० ते १०० अशा रेघा असतात. दोन रेघांमधल्या जागेला मी ‘घर’ म्हणते. त्या घराला स्वतःचं असं माप नसतं. ऑब्जेक्टिव्ह बदललं की पेशी मोठी दिसते, पण आयपीसमधल्या रेघा आहेत तेवढ्याच दिसतात, कारण त्या ऑब्जेक्टिव्हच्या वर बसलेल्या आहेत. त्यामुळे प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला एका घराची किंमत वेगळी येते आणि ती आपल्यालाच काढावी लागते. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात.

आयपीसमधून बघताना रेघा धूसर असतील तर आयपीसची वरची भिंग फिरवा. आकडे उलटे दिसत असतील तर गोल काच पालथी बसली आहे. ती स्वतः काढू नका, काकांना सांगा.

आता स्टेज मायक्रोमीटर स्टेजवर ठेवा. त्याच्या रेघा फार फिकट असतात, सापडत नाहीत म्हणून मुलं वैतागतात. ४× वर सुरुवात करा, डायफ्रॅम बराचसा बंद करा, रेघा लगेच उठून दिसतील. मग १०× वर या. आयपीस फिरवून दोन्ही पट्ट्या समांतर करा आणि स्टेज सरकवून दोन्हींच्या शून्याच्या रेघा एकावर एक आणा. मग उजवीकडे सरकत जा आणि पुन्हा कुठे दोन रेघा तंतोतंत जुळतात ते शोधा. जितक्या दूरची जोडी मिळेल तितकं उत्तर अचूक येतं.

माझ्या सूक्ष्मदर्शकावर १०× ऑब्जेक्टिव्हला ऑक्युलरची ६० घरं स्टेजच्या ६३ घरांशी जुळली. स्टेजचं एक घर ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रोमीटर.

```
10× : 60 घरे = 63 × 10 µm = 630 µm
      1 घर  = 630 ÷ 60   = 10.5 µm

40× : 100 घरे = 26 × 10 µm = 260 µm
      1 घर   = 260 ÷ 100  = 2.6 µm
```

दोन्ही उत्तरं एकमेकांशी ताडून बघा. ऑब्जेक्टिव्ह चौपट झालं, तर घराची किंमत साधारण चौथा भाग झाली पाहिजे. १०.५ ला ४ ने भागलं की २.६ च्या जवळ येतं, म्हणजे ठीक. दुसऱ्या वेळी २६ आलं असेल तर दशांशचिन्ह घसरलं आहे.

हे आकडे त्याच सूक्ष्मदर्शकाचे. शेजारच्याचे उतरवून घेतलेत तर त्याच्या आयपीसचं माप तुमच्या पेशीला लागेल. सूक्ष्मदर्शकावर नंबर रंगवलेला असतो, तो वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या तासाला तोच घ्या.

*स्टेज मायक्रोमीटर नसेलच तर:* ४× खाली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी ठेवा आणि दिसणाऱ्या गोलाचा व्यास मिलिमीटरच्या खुणांवरून मोजा. समजा ४.५ मिलिमीटर आला. १०× ला तो ४.५ × ४ ÷ १०, म्हणजे १.८ मिलिमीटर होईल. या १८०० मायक्रोमीटरमध्ये साधारण सहा पेशी टोकाला टोक लावून बसत असतील, तर एक पेशी सुमारे ३०० मायक्रोमीटर लांब. हा अंदाज आहे, माप नाही. वहीत ‘अंदाजे’ हा शब्द लिहा आणि पद्धतही लिहा.

३. पेशी मोजा, एक नाही, दहा

स्टेज मायक्रोमीटर काढून काकांना परत द्या आणि आपली स्लाइड ठेवा. लांबी १०× वर मोजा, कारण ४०× वर कांद्याची पेशी बऱ्याचदा गोलाच्या बाहेर जाते. रुंदी आणि केंद्रक ४०× वर मोजा, तिथे घर लहान असल्यामुळे माप जास्त बारकाईने मिळतं. पेशी तिरकी असेल तर पेशी नको, आयपीस फिरवा.

मी जी पेशी आकृतीसाठी निवडली तिची मापं अशी आली:

- लांबी: १०× वर २८ घरं × १०.५ = २९४ मायक्रोमीटर
- रुंदी: ४०× वर २७ घरं × २.६ = ७० मायक्रोमीटर
- केंद्रकाचा व्यास: ४०× वर ८ घरं × २.६ = सुमारे २१ मायक्रोमीटर

आकृती एका पेशीची असते, पण निरीक्षण म्हणून एक पेशी पुरत नाही. दहा पेशींची लांबी मोजली तेव्हा घरं आली २८, ३१, २४, ३५, २६, २९, २२, ३३, २७, ३०. बेरीज २८५, सरासरी २८.५ घरं. गुणाकार २९९.२५ येतो, पण वहीत ‘सरासरी सुमारे ३०० मायक्रोमीटर, पल्ला २३० ते ३७०’ एवढंच लिहा. घरच साडेदहा मायक्रोमीटरचं असताना शतांशापर्यंत लिहिणं म्हणजे गव्हाच्या काट्यावर सोनं तोलणं. कॅल्क्युलेटर दाखवतो तेवढे सगळे आकडे उतरवले की तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

दहा पेशी निवडताना सुंदर दिसणाऱ्या निवडू नका. गोलाच्या मधल्या आडव्या रेषेवर ज्या येतात त्या ओळीने घ्या. कडेला कापल्या गेलेल्या मात्र सोडा.

४. आधी मॅग्निफिकेशन ठरवा, मग पेन्सिल उचला

बहुतेक जण आधी चित्र काढतात आणि मग त्याचं मॅग्निफिकेशन शोधतात. तसंही चालतं, सूत्र एकच आहे:

```
आकृतीचे मॅग्निफिकेशन = आकृतीतील लांबी ÷ खरी लांबी
```

पण मग ×२७३.८ असं काहीतरी उत्तर येतं आणि स्केल बारही वेडावाकडा होतो. त्यापेक्षा आधी सोयीचा आकडा ठरवा. आकृतीने पानाचा निम्मा-अर्धा भाग व्यापावा, हा माझा हिशेब. मी ×३०० घेतलं.

२९४ मायक्रोमीटर × ३०० = ८८,२०० मायक्रोमीटर, म्हणजे ८८ मिलिमीटर. रुंदी ७० × ३०० = २१ मिलिमीटर. केंद्रक २१ × ३०० = साधारण ६ मिलिमीटर. आता कोऱ्या पानावर ८८ बाय २१ ची अगदी फिकट चौकट आखा आणि तिच्यात पेशी बसवा. मग चौकट खोडून टाका. लांबी-रुंदीचं प्रमाण आपोआप बरोबर येतं. नाहीतर सगळ्यांच्या वहीत कांद्याची पेशी विटेसारखी जाडजूड होते आणि केंद्रक लिंबाएवढं.

भागाकाराआधी दोन्ही मापं एकाच एककात आणा. १ मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रोमीटर. ८८ ला थेट २९४ ने भागून ‘×०.३’ लिहिलेली वही मी पाहिली आहे. मॅग्निफिकेशन एकपेक्षा कमी आलं, म्हणजे पेशीपेक्षा चित्र लहान. तसं असतं तर सूक्ष्मदर्शक कशाला लागला असता!

५. जे दिसतंय तेच काढा

रेघ एकच आणि सलग. बारीक बारीक तुकडे जोडून केसाळ रेघ काढू नका, छायांकन नको, सॅफ्रनिनने लाल दिसलं म्हणून लाल पेन्सिलही नको. रंगद्रव्याचं नाव आकृतीखाली लिहायचं असतं.

एक पेशी पूर्ण काढा आणि शेजारच्या पेशींच्या भिंतींची फक्त सुरुवात दाखवा, म्हणजे ती ऊतीचा भाग आहे हे कळतं. पेशीभित्तिका दुहेरी रेषेने काढा, कारण तिला जाडी दिसते. केंद्रक बहुतेक पेशींत कडेला असतं, मधली मोठी रिक्तिका त्याला आणि पेशीद्रव्याला भिंतीकडे ढकलते. पाठ्यपुस्तकात ते मध्ये आहे म्हणून तुमच्याही पेशीत मध्ये काढू नका.

आता न दिसणाऱ्या गोष्टी. पेशीपटल साध्या स्लाइडमध्ये भित्तिकेला चिकटलेलं असतं, वेगळं दिसत नाही. तंतुकणिका, रायबोसोम यांना या सूक्ष्मदर्शकात जागाच नाही. हरितलवके कांद्याच्या या पापुद्र्यात नसतात. तरीही दरवर्षी पाचसहा वह्यांत हिरवे ठिपके उगवतात, कारण मुलं चित्र स्लाइडवरून नाही, पुस्तकावरून काढतात. परीक्षकाला ते एका नजरेत कळतं.

६. स्केल बार

स्केल बार म्हणजे आकृतीशेजारी काढलेली छोटी आडवी रेघ, जी सांगते की ‘एवढी लांबी म्हणजे खरे इतके मायक्रोमीटर’. तिच्यासाठी गोल आकडा घ्या: १०, २०, ५० किंवा १००. आमची पेशी जवळपास ३०० ची आहे, म्हणून १०० घेऊ.

```
बारची लांबी = 100 µm × 300 = 30,000 µm = 30 mm
```

आकृतीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात पट्टीने बरोबर ३० मिलिमीटरची रेघ ओढा आणि तिच्यावर ‘100 µm’ लिहा. झालं.

उलट्या दिशेने जाण्याची चूक फार होते. आधी एक सेंटिमीटरची रेघ ओढायची आणि मग तिची किंमत काढायची. ×३०० ला ती ३३.३ मायक्रोमीटर येते. चुकीचं नाही, पण वाचणाऱ्याला त्या पट्टीने काहीही मोजता येत नाही. सुट्टे पैसे नसलेल्या दुकानदारासारखं होतं.

मॅग्निफिकेशन लिहिलं असताना बार कशाला, असं विचाराल तर हे पान झेरॉक्सवर ७० टक्के करून बघा. पेशी लहान होईल, पण खाली ‘×३००’ तसंच राहील आणि ते आता खोटं असेल. बार पेशीबरोबरच आखडतो, म्हणून तो खराच राहतो. दोन्ही द्या, पण एकच द्यायचं झालं तर बार द्या.

मोबाइलने फोटो काढणाऱ्यांसाठी तर बार हाच आधार. फोनचा झूम, मग व्हॉट्सअॅपने आक्रसलेला फोटो, मग प्रिंट. या वाटेवर ‘४००×’ ला काही अर्थ उरत नाही. स्लाइडचा फोटो काढला त्याच ऑब्जेक्टिव्हला आणि फोनच्या त्याच झूमला स्टेज मायक्रोमीटरचाही फोटो घ्या. समजा त्यात १००० मायक्रोमीटर म्हणजे २४०० पिक्सेल आले, तर १०० मायक्रोमीटरचा बार २४० पिक्सेलचा. संगणकावर ImageJ हे फोटोवर मापं घेण्याचं सॉफ्टवेअर असेल तर मायक्रोमीटरच्या फोटोत रेघ ओढून `Analyze > Set Scale` मध्ये खरं अंतर भरा, ‘Global’ वर टिक करा, मग पेशीचा फोटो उघडून `Analyze > Tools > Scale Bar` वापरा. मात्र फोटो आधी आक्रसून मग आणलात तर प्रमाण बिघडतं. कापलेला चालतो, लहान-मोठा केलेला नाही.

७. नावं देणं आणि आकृतीखालची ओळ

नामरेषा पट्टीने, आडव्या, शक्यतो सगळ्या उजव्या बाजूला. रेषेचं टोक त्या भागाला टेकलं पाहिजे, अलीकडे हवेत थांबायला नको. बाण काढायचे नाहीत, रेषा एकमेकींना छेदायच्या नाहीत. नावं एकाखाली एक, एका सरळ उभ्या रेषेवर सुरू करा. रिक्तिकेची रेषा रिकाम्या जागेत संपते, त्यामुळे मुलं ती भिंतीवर टेकवतात आणि भित्तिकेला दोन नावं मिळतात. तिचं टोक ठामपणे पेशीच्या मध्यावर न्या.

आकृतीखाली मी हे लिहिते:

> कांद्याच्या मांसल पाकळीच्या आतल्या पापुद्र्यातील एक पेशी. पाण्यातील तात्पुरती स्लाइड, सॅफ्रनिन. निरीक्षण: १०× आयपीस, १०× आणि ४०× ऑब्जेक्टिव्ह. आकृती ×३००. स्केल बार १०० µm.

‘निरीक्षण’ आणि ‘आकृती’ हे दोन आकडे वेगवेगळे लिहिले की माझ्यावर आलेली वेळ तुमच्यावर येणार नाही. शेजारच्या रेघांच्या पानावर कॅलिब्रेशन, दहा पेशींचा तक्ता आणि वरचा सगळा हिशेब दाखवा. नुसतं उत्तर लिहिलं आणि ते चुकलं, तर सगळे गुण जातात. हिशेब दाखवला असेल तर निदान चूक कुठे झाली ते परीक्षकाला दिसतं.

सही घेण्याआधी

वही शेजारच्याला द्या आणि खालची ओळ हाताने झाका. त्याने फक्त पट्टी आणि तुमचा स्केल बार वापरून पेशीची खरी लांबी काढायची. त्याचं उत्तर २९० ते ३०० च्या दरम्यान आलं तर वही सहीला न्या. २९ किंवा २,९४० आलं तर एकक बदलताना शून्य घसरलं आहे, पायरी ४ आणि ६ पुन्हा बघा. २२० किंवा २५० असं काही आलं तर बार पट्टीच्या शून्यापासून न ओढता कडेपासून ओढला आहे का ते तपासा. आमच्या बॅचला निम्म्या वेळा चूक तिथेच सापडायची.